‘बच्चा सो रहा है’: पोलिओच्या एका घोषवाक्याचा प्रकरण अभ्यास

पल्स पोलिओच्या काळात पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गल्ल्यांमध्ये घरांच्या भिंतींवर खडूने दोनच अक्षरं लिहिलेली असत. ‘पी’ म्हणजे या घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना थेंब मिळाले, किंवा इथे त्या वयाचं मूलच नाही. ‘एक्स’ म्हणजे कुणीतरी राहिलं. का राहिलं तेही नोंदवायचं असे: घराला कुलूप आहे, मूल गावाला गेलंय, मूल आजारी आहे. आणि घरच्यांनी सरळ नाही म्हटलं असेल तर ‘एक्सआर’.

घोषवाक्यं लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि या खडूच्या खुणांनी मला जाहिरातीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवलं. कारण एक्सआरची घरं एकूण राहिलेल्या घरांत थोडीच असत. बाकीच्या घरांतून येणारी उत्तरं साधी होती. ‘बच्चा सो रहा है.’ ‘ननिहाल गया है.’ कधी ते खरंच असे. कधी बाळ आतल्या खोलीत आजीच्या मांडीवर जागं असे आणि दारातली बाई अतिशय सभ्यपणे खोटं बोलत असे. थेंब घेऊन दारात आलेल्या मुलीशी तिला भांडायचं नव्हतं. उद्या नळावर दोघींची गाठ पडणारच होती. पण थेंबही पाजायचे नव्हते.

ही न बोललेली शंका या प्रकरणाचा विषय आहे. तिच्यासमोर देशातलं बहुधा सगळ्यांत गाजलेलं लसीकरणाचं घोषवाक्य उभं होतं, ‘दो बूँद ज़िंदगी की’. ते कुठे चाललं, कुठे अडलं आणि अडल्यावर काय केलं गेलं, एवढंच इथे पाहू.

वाक्याची ताकद

चार शब्दांत या वाक्याने बरंच काम केलं. मुळात त्यात रोगाचं नाव नाही. पोलिओ म्हटलं की कुबड्या, लोखंडी पट्टे, रांगणारं मूल डोळ्यासमोर येतं, आणि भीतीचं चित्र घरात आणायला कुणी उत्सुक नसतं. वाक्य त्याऐवजी ‘ज़िंदगी’ म्हणतं. दुसरं, ते किती द्यायचं ते सांगतं: दोन थेंब. सुई नाही, दवाखान्याची रांग नाही, बाळाचं रडणं नाही. इंजेक्शनला घाबरणाऱ्या आईच्या मनातला प्रश्न तिने विचारायच्या आधीच त्यात मिटलेला आहे. शंकेचं नावही न घेता ती शमवणारं वाक्य लिहिणं फार अवघड असतं. इथे ते सहज जमून गेलंय. पीयूष पांडे यांच्या ओगिल्वी या जाहिरात संस्थेने ही मोहीम केली, अमिताभ बच्चन यांनी त्याला आवाज दिला, आणि पिवळ्या-गुलाबी फलकांसह ते वाक्य वाचता न येणाऱ्यांच्याही तोंडी गेलं.

याच मोहिमेतली एक जाहिरात नंतर खूप सांगितली गेली. तिच्यात बच्चन विनवणी करत नाहीत, रागावतात. एवढं सांगूनही तुम्ही मुलांना आणत नाही, याची लाज वाटते, असा त्यांचा सूर. त्यानंतर बूथवर आलेल्या बायकांनी ‘अमितजी नाराज हैं’ म्हणून आलो असं सांगितल्याची गोष्ट स्वतः बच्चन यांनीही जाहीरपणे सांगितली आहे. ती मला खरी वाटते. पण ती कुणाबद्दलची आहे हे नीट पाहावं लागतं. ज्यांना शंका नव्हती, फक्त आळस होता, रविवारी बाजाराला जायचं होतं, त्यांना वडीलधाऱ्या माणसाचा राग हलवतो. ज्याच्या मनात आधीच ‘हे लोक एवढा आग्रह का करतात?’ असा प्रश्न आहे, त्याच्यासाठी रागावणं हा आणखी एक आग्रह असतो.

आग्रहाचा इतिहास

देशभरची पहिली पल्स पोलिओ फेरी ९ डिसेंबर १९९५ ला झाली. त्या दिवशी बूथवर बसलेली एएनएम, म्हणजे सरकारी परिचारिका, कोण होती? कालपर्यंत कुटुंब नियोजनाचं ‘टार्गेट’ घेऊन फिरणारी तीच बाई. नसबंदीच्या केसेस मोजण्याची ती सक्तीची उद्दिष्टं सरकारने एप्रिल १९९६ मध्ये काढून टाकली, म्हणजे पोलिओच्या पहिल्या फेरीनंतर चार महिन्यांनी. आणि पश्चिम उत्तर प्रदेश म्हणजे आणीबाणीतली नसबंदी ज्याला विसरता येत नाही असा भाग. १९७६ साली मुझफ्फरनगरात तिच्याविरुद्धच्या जमावावर गोळीबार झाला होता.

आता त्या गल्लीतल्या मुसलमान आजीच्या जागी उभं राहून पाहा. ज्या सरकारी बाईने वीस वर्षं ‘आता पुरे करा’ म्हणून दार वाजवलं, ती अचानक म्हणते, तुमची सगळी मुलं जगली पाहिजेत, आणि त्यासाठी फुकट औषध घरपोच आणते. तापाला गोळी मागायला गेलं तर दवाखान्यात ती नसते. जुलाबाने मूल दगावलं तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं. मग या दोन थेंबांसाठीच इतकी धावपळ का? ‘यात मुलं न होण्याचं औषध आहे’ ही अफवा अडाणीपणातून आली असं म्हणणं सोपं आहे. मला ती एका रास्त प्रश्नाचं चुकीचं उत्तर वाटते. प्रश्न होता, ‘यात तुमचा काय फायदा?’, आणि त्याचं उत्तर कुठल्याही फलकावर नव्हतं.

२००१ मध्ये देशात पोलिओचे २६८ रुग्ण होते. २००२ मध्ये १,६००, त्यातले १,२४२ एकट्या उत्तर प्रदेशात. याला फेऱ्यांची संख्या कमी झाली हे मोठं कारण होतं, नुसत्या शंकेवर ते खापर फोडता येणार नाही. पण रुग्णांमध्ये मुसलमान मुलांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होतं, आणि राहिलेल्या घरांचे नकाशे काढले की त्याच त्याच वस्त्या दिसत होत्या.

मग फेऱ्या वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर नवी ओळ आली: ‘हर बच्चा, हर बार’. प्रत्येक मूल, प्रत्येक वेळी.

दोन ओळींचं भांडण

इथे या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो.

‘दो बूँद ज़िंदगी की’ ऐकणाऱ्याला काय कळतं? दोन थेंब दिले की आयुष्य मिळालं. आणि ‘हर बार’ काय म्हणतं? गेल्या महिन्यात दिले तरी या महिन्यात द्या. पुढच्याही महिन्यात द्या. उत्तर प्रदेशात काही वर्षं जवळजवळ दर महिन्याला फेरी होती. एकाच बाळाच्या डाव्या करंगळीवरची शाई पुसायच्या आत दुसरी लागायची. पहिली ओळ खरी असेल तर दुसरीची गरज काय? आणि दुसरीची गरज असेल तर पहिली खोटी. मोहिमेच्या दोन घोषवाक्यांनी मिळून आईच्या मनात शंका पेरली. बाहेरच्या कुणाला ती पेरायची गरजच पडली नाही. त्यातच दरवेळी थेंब घेतलेल्या एखाद्या शेजारच्या मुलाला पोलिओ झाला की विषयच संपला. असं क्वचित नव्हे, बऱ्याच वेळा घडत होतं.

याचं खरं उत्तर विज्ञानाकडे होतं. तोंडाने द्यायची पोलिओची लस हा जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात रुजला तर संरक्षण मिळतं. जिथे मुलांना सतत जुलाब होतात, आतड्यात दुसरे विषाणू आधीच ठाण मांडून बसलेले असतात, आणि उघडी गटारं नि दाट वस्तीमुळे जंतूंचा मारा अखंड चालू असतो, तिथे तो रुजत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोलिओच्या तीन प्रकारांपैकी टाइप १ विषाणूविरुद्ध, तिन्हींवर चालणाऱ्या तेव्हाच्या त्रिगुणी लसीच्या एका डोसचा परिणाम मोजला होता. देशात इतरत्र तो सुमारे २१ टक्के निघाला, उत्तर प्रदेशात अवघा ९ टक्के.

या नऊ टक्क्यांचा अर्थ बोटांवर मोजून बघा. शंभर मुलांना एकदा थेंब दिले तर नऊ सुरक्षित झाली, एक्याण्णव राहिली. दुसऱ्या वेळी त्या एक्याण्णवांपैकी आठेक. असं करत पाच डोसांनंतर शंभरात साधारण अडतीस मुलं सुरक्षित, दहा डोसांनंतर एकसष्ट. म्हणजे दहा वेळा रांगेत उभं राहूनही एकोणचाळीस मुलं उघडीच. ‘हर बार’ हा सरकारी हट्ट नव्हता, त्या जागेची ती गरज होती. आणि दहा वेळा थेंब घेतलेल्या मुलाला पोलिओ झाला, हा शेजारणीचा अनुभवही खोटा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यातून निघतात.

मग हे फलकावर का लिहिलं नाही? कारण कुठल्याही बैठकीत ते वाक्य पहिल्या पाच मिनिटांत मरतं. ‘एका डोसाने बहुतेक मुलांत काम होत नाही’ असं लिहिलं तर लोक लसच घेणार नाहीत, असं कुणीतरी वरिष्ठ म्हणतो आणि बाकीचे माना हलवतात. मी अशा बैठकांत बसलोय, मानही हलवली आहे. त्या भीतीत चूक एवढीच, की ती गोष्ट लोकांना आधीच ठाऊक असते. शेजारच्या मुलाच्या पायाने ती त्यांना सांगितलेली असते. आपण न बोलल्याने ती लपत नाही, आपण लपवतोय एवढंच दिसतं.

मी मराठीत हे वाक्य लिहून पाहिलं. पहिला प्रयत्न होता: ‘पहिली पेरणी उगवली नाही तर आपण दुबार पेरणी करतोच ना?’ कागदावर छान दिसलं. विदर्भातल्या एका आशाताईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘दादा, दुबार पेरणी म्हटलं की आमच्याकडे कर्ज आठवतं.’ खोडलं. दुबार पेरणी म्हणजे पहिली सगळी वाया गेली. डोसाचं तसं होत नाही. काही मुलांत तो रुजतो, काहींत रुजत नाही, आणि कुठे रुजला ते वरून दिसत नाही. त्याला शेतातला नेमका शब्द आहे, नांग्या भरणं. ओळीत जिथे बी उगवलं नाही तिथे पुन्हा टोबणं. ‘प्रत्येक बी पहिल्यांदा उगवत नाही, म्हणून नांग्या भरतो. थेंबांचंही तसंच.’ हे वाक्य त्या हसत हसत दोनदा म्हणाल्या. शहरातल्या झोपडपट्टीत ते चालणार नाही, नांग्या म्हणजे काय हेच तिथे कळणार नाही. पण सगळीकडे चालणारं एक वाक्य हवं, हा हट्टच तर या प्रकरणात महाग पडला.

फलकावरून दारात

उत्तर प्रदेशात २००३ च्या सुमारास जे बदललं ते घोषवाक्य नव्हतं. ते कोण म्हणतंय, ते बदललं. युनिसेफ, स्वयंसेवी संस्थांचा कोअर गट आणि इतर भागीदारांनी मिळून सोशल मोबिलायझेशन नेटवर्क उभं केलं. त्याच्या तळाला त्याच मोहल्ल्यातली एक बाई, कम्युनिटी मोबिलायझेशन कोऑर्डिनेटर, तिच्याकडे साधारण पाचशे घरं. तिच्या वहीत घरागणिक मुलांची नावं, गरोदर बायका, मागच्या फेरीत पी की एक्स, एक्स असेल तर का. अशा हजारो बाया होत्या.

तिचा फायदा भाषेचा होताच, पण त्याहून मोठा तिला असलेल्या वेळेचा होता. फेरीच्या दिवशी आलेली टोळी एका दारात दोन मिनिटं थांबते. ही बाई फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत कधीही येऊन बसू शकत होती. आणि मनातली शंका पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येत नाही. आधी ‘सो रहा है’ येतं, मग सासूचं नाव पुढे केलं जातं, मग नवऱ्याचं, आणि चहाचा कप खाली ठेवताना कधीतरी खरी गोष्ट निघते: मागच्या वेळी थेंबांनंतर त्याला दोन दिवस जुलाब झाले होते.

आता या शंकेला ‘लस पूर्णपणे सुरक्षित आहे’ हे उत्तर नाहीच. तिने लसीबद्दल विचारलं नाही, स्वतःच्या बाळाच्या दोन दिवसांबद्दल सांगितलं. ‘किती वेळा झाले? काय दिलंत? आता कसा आहे?’ हे आधी, आणि मग ‘या भागात जुलाब पाण्यामुळे फार होतात, थेंब दिले नसते तरी झाले असते कदाचित, पण आता झाले तर मला बोलवा, मी ओआरएस घेऊन येते.’ या वाक्यातला ‘कदाचित’ मला मोलाचा वाटतो. फलकावर तो बसत नाही, दारात बसतो.

शेवटचे तीन शब्द, ‘ओआरएस घेऊन येते’, नुसते बोलण्याचे असून चालत नाहीत. ‘फक्त पोलिओसाठीच का येता?’ या शंकेला वाक्याने उत्तर देता येत नाही, वस्तूने द्यावं लागतं. २००९ मध्ये उत्तर प्रदेश आणि बिहारमधले सर्वाधिक धोक्याचे १०७ ब्लॉक निवडून तिथे थेंबांच्या जोडीला जुलाबासाठी ओआरएस आणि झिंक, हात धुणं, स्तनपान, नेहमीचं लसीकरण या सगळ्यावर काम सुरू झालं. त्यामागे आतड्यातल्या अडथळ्याचं शास्त्र होतं. पण दारात उभ्या बाईच्या हातात त्यामुळे पहिल्यांदा असं काहीतरी आलं, जे घरच्यांनी मागितलेलं होतं.

नसबंदीच्या अफवेचं काय केलं, ही घोषवाक्य लिहिणाऱ्याने मुद्दाम पाहावी अशी गोष्ट आहे. भिंतीवर ‘पोलिओच्या थेंबांनी नपुंसकत्व येत नाही’ असं रंगवलं तर ज्या दहा घरांना अफवा माहीत नव्हती त्यांनाही ती कळते, आणि भिंतीवरचं ‘येत नाही’ पुसट झालं तर उरतं भलतंच. नकार देणारं वाक्य अफवेचं नाव घेतल्याशिवाय उभं राहत नाही. म्हणून त्याची जागा फलक नव्हे. ती जागा मशिदीतल्या घोषणेची, इमामाने सगळ्यांसमोर स्वतःच्या नातवाला थेंब पाजण्याची, आलिमांच्या सहीच्या आवाहनाची, जे घडी घालून ओढणीत ठेवता येतं आणि सासऱ्याला दाखवता येतं. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द या संस्थाही या कामात होत्या. लसीतलं रसायन इमामाला कळतं म्हणून कुणी त्याचं ऐकत नाही. ‘यात तुमचा काय फायदा?’ हा प्रश्न त्याला विचारावा लागत नाही, म्हणून ऐकतात.

आणखी एक गंमतीची गोष्ट: बुलावा टोळी. बूथच्या दिवशी मोहल्ल्यातली शाळकरी पोरं गल्लीगल्लीतून ओरडत फिरायची आणि लहान भावंडांना कडेवर घेऊन बूथवर आणायची. घोषवाक्य तेच होतं, ‘दो बूँद ज़िंदगी की’. पण आपल्याच घरातला आठ वर्षांचा पोरगा ते ओरडतो तेव्हा ते सरकारचं राहत नाही. ओळ न बदलता तिचा मालक बदलला.

श्रेय कुणाचं

इथे हात आखडता घ्यायला हवा. २००३ मध्ये जाळं उभं राहिलं, पण २००६ मध्ये देशात पुन्हा ६७६ रुग्ण झाले, २००९ मध्ये ७४१. विश्वास वाढत होता आणि आकडे मात्र खाली राहत नव्हते, कारण कमी पडणारी लस नुसत्या विश्वासाने पुरी पडत नाही. २००५ पासून फक्त टाइप १ वर चालणारी एकगुणी लस वापरात आली, ती उत्तर प्रदेशात प्रति डोस जवळपास तिप्पट परिणामकारक ठरली. पण मग टाइप ३ ने डोकं वर काढलं. जानेवारी २०१० मध्ये टाइप १ आणि ३ दोन्हींवरची द्विगुणी लस आली. त्या वर्षी रुग्ण ४२. पुढच्या वर्षी एक, हावड्यातली दोन वर्षांची मुलगी, १३ जानेवारी २०११. त्यानंतर देशात नैसर्गिक विषाणूचा पोलिओ झालेला नाही.

तेव्हा ‘घोषवाक्याने पोलिओ गेला’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. लस बदलल्याने गेला. पण चांगली लस आली तेव्हा ती पाजायला दार उघडं होतं. ते उघडं राहावं म्हणून मधली सात वर्षं एक बाई कमी पडणारी लस घेऊन त्याच दारात पुन्हा पुन्हा जात राहिली, आणि ते करताना खोटं बोलली नाही, तेवढं श्रेय तिचं. खोटं बोलली असती, ‘एकदा द्या, परत येणार नाही’ असं म्हणाली असती, तर दुसऱ्याच महिन्यात ते दार बंद झालं असतं.

दार उघडं आहे की नाही हे कळायचं कसं? लोकांना घोषवाक्य आठवतं का, या पाहणीने ते कळत नाही. ते सगळ्यांनाच आठवत होतं, ‘सो रहा है’ म्हणणाऱ्या आजीलासुद्धा. एक्सची घरं फेरीगणिक बघावी लागतात. त्यातही एक गोष्ट मला उलटी वाटली, आणि पटायला वेळ लागला. एखाद्या गल्लीत ‘झोपलंय’, ‘गावाला गेलंय’ ही कारणं कमी होऊन काही काळ उघड नकार वाढले, तर ती वाईट बातमी असेलच असं नाही. लोक खरं बोलायला लागले असतील. उघड नकाराशी बोलता येतं. झोपलेल्या बाळाशी काय बोलणार?

मराठीत आल्यावर

मार्च २०१४ मध्ये भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला आणि शंका बदलली. आता ती अशी: पोलिओ गेला ना, मग अजून थेंब कशाला? पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू आहे, माणसं ये-जा करतात, हे उत्तर. हिंदीत त्यासाठी नवी ओळ आली: ‘दो बूँद हर बार, पोलियो पर जीत रहे बरकरार’. यमकासाठी आल्यासारखा वाटणारा ‘बरकरार’ हा शब्द खरं म्हणजे पूर्ण उत्तर आहे. जिंकलोय, हे तो मान्य करतो. ते टिकवायचंय, हेही सांगतो.

आपल्याकडे ती अशी झाली: ‘दोन थेंब प्रत्येक वेळी, पोलिओवर विजय दर वेळी’. अंगणवाडीच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर आपण सगळ्यांनी ती वाचली आहे. यमक राहिलं, ठेका राहिला, आणि ‘बरकरार’ गळाला. ‘विजय दर वेळी’ म्हणजे काय? दर वेळी नवा विजय? मग पोलिओ अजून आहे का? शंका मिटवायला आलेल्या ओळीतून शंकेचं उत्तरच भाषांतरात सांडलं, आणि वरून ‘प्रत्येक वेळी’ हा जुना आग्रह तेवढा शिल्लक राहिला. लिहिणाऱ्याला दोष देत नाही; रविवारच्या आत छापायचं असतं आणि मूळ ओळीत यमक असलं की मराठीतही यमक हवं, हे गृहीतच असतं.

मी ती ओळ यमक सोडून लिहून पाहिली: ‘पोलिओ गेलाय. परत येऊ नये म्हणून हे दोन थेंब.’ कानाला ती फिकी लागते, आणि बुलावा टोळीला ओरडायला तर अगदीच निकामी. पण त्याच आशाताईंना दोन्ही ओळी देऊन विचारलं, की कुणी दारात ‘अजून कशाला?’ म्हणालं तर यातली कोणती म्हणाल. त्यांनी जुनी ओळ एकदा वाचली, फलक होता तिकडे बोट दाखवून ‘ही तिकडे असू द्या’ म्हणाल्या, आणि दुसरी ओळ वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतली. उतरवताना ‘गेलाय’च्या पुढे त्यांनी एक शब्द वाढवला: ‘आपल्याकडून’.